करकर आणि कुरकुर

माझं पहिलं प्रसिद्ध झालेलं लेखन म्हणजे एका चपलेच्या दुकानाची काढलेली खरडपट्टी. इतरांची पहिली कविता कॉलेजच्या वार्षिकात छापून येते. माझीही आली असती, पण ती 'जागेअभावी' परत आली. त्याच अंकात शेवटची दोन पानं कोरी होती आणि त्यांवर 'टिपणांसाठी' असं छापलं होतं. काव्यानं दार लावून घेतलं की माणूस समीक्षेच्या खिडकीत जाऊन बसतो, ही तशी जुनीच वहिवाट. मीही बसलो. समीक्षेला विषय मात्र पायातला मिळाला.

तेव्हा मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय रसायनशास्त्र. हा तपशील पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्या वर्षी मे महिन्यात आईवडिलांबरोबर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर तिथून जवळच्या चप्पल लाइनीत शिरणं हा कोल्हापूरच्या यात्रेचाच भाग असतो. दोन्ही बाजूंना भिंतभर चपला टांगलेल्या, आणि प्रत्येक दुकानातून "या की बघायला, बघायला काय पैसं पडत्यात?" असं आवतण. आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथं गल्ल्यावर साधारण माझ्याच वयाचा मुलगा बसला होता. वडिलांनी किंमत विचारली, तिची निम्मी करून सांगितली, मुलानं पन्नास रुपये कमी केले आणि दोघंही आपण जिंकलो अशा चेहऱ्यानं गप्प झाले.

मी चप्पल पायात घातली. घट्ट होती. मुलगा म्हणाला, "घट्टच घ्या. वापरली की सैल होत्या." पण माझ्या पायाबद्दल माझ्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला असणं शक्य नाही, असं माझं मत होतं. मी एक नंबर मोठी मागितली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं आणि पिशवीत मोठी चप्पल भरून दिली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, ही त्याला मिळालेली शिकवण असावी. त्यानं घातला असता तर बरं झालं असतं.

कॉलेजचा 'ट्रॅडिशनल डे' आमच्या सांस्कृतिक मंडळानं ऑगस्टमध्ये ठेवला. पुण्यात ऑगस्टमध्ये पाऊस पडतो, ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत कुणाच्या लक्षात आली नसावी. मी पांढरा झब्बा-पायजमा, वर जाकीट आणि खाली नवी कोरी कोल्हापुरी असा निघालो. मे ते ऑगस्ट ती पिशवीतच होती. 'खास दिवशीच घालायची' या विचारानं मी तिला एकदाही पाय लावला नव्हता. वसतिगृहापासून कॉलेजपर्यंतच्या वाटेत तिनं त्याचा हिशेब चुकता केला. अंगठ्याच्या मुळाशी आणि पायाच्या वरच्या बाजूला, जिथं पट्टा बसतो तिथं, कातडी सोलवटून निघाली.

त्यात उशीर झालेला. सभागृहात प्राचार्यांचं भाषण सुरू होतं आणि रिकामी खुर्ची होती ती थेट दुसऱ्या रांगेत. मी मधल्या वाटेनं निघालो. कर्र. पुन्हा पाऊल. कर्र. हळू चालावं तर आवाज लांबत होता, भरभर चालावं तर ताल धरत होता. प्राचार्य 'आपली परंपरा' या शब्दांवर थांबले आणि मी खुर्चीत बसेपर्यंत परंपरेकडे चष्म्यावरून पाहत राहिले. मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्या भाषणाला होत्या असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे.

परत येताना पावसानं गाठलं. खोलीवर पोहोचलो तेव्हा चपलेचे तळ फुगले होते, एकेक पाऊल शेरभर वजनाचं झालं होतं आणि पाय घोट्यापर्यंत तपकिरी. साबणानं घासले तरी रंग जाईना. पायजम्याच्या कडेलाही तोच रंग लागला होता. मी चप्पल खिडकीच्या लोखंडी जाळीवर आडवी टाकली आणि जोडून सुट्ट्या आल्या होत्या म्हणून गावी निघून गेलो.

परत आलो तेव्हा पट्ट्यांवर पांढरट हिरवी बुरशी होती. चप्पल वाळून इतकी कडक झाली होती की पाय घातला तरी वाकायला तयार नव्हती. उलटी करून पाहिली, तर तळावर ओळीनं काळे पट्टे. निळसर झाक असलेले, शाईनं ओढावेत तसे गडद, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर जाळीच्या गजांइतकंच. मी रूम-पार्टनरला दाखवलं. तो म्हणाला, "रंग उडालाय." मी म्हणालो, "उडालेला नाही, चढलाय. म्हणजे यांनी काहीतरी भयंकर केमिकल वापरलंय." त्या क्षणी माझ्यातला समीक्षक जागा झाला.

फोनवरच्या नकाशात ते दुकान सापडलं. खाली ग्राहकांची मतं होती, सगळी मिळमिळीत. 'छान माल', 'मालक मनमिळाऊ', एका गृहस्थानं नुसताच नमस्काराचा हात टाकलेला. या मंडळींना गद्य म्हणजे काय ते दाखवून द्यायचं ठरवून मी रात्री जेवण टाळून बसलो. तयार झालेला मजकूर असा होता:

'घोर फसवणूक! या दुकानात चुकूनही जाऊ नये. 1) चप्पल चालताना करकर वाजते, यावरून माल कच्चा असल्याचे सिद्ध होते. 2) कातड्याला उग्र वास येतो, खोलीत ठेवणे अशक्य. 3) संपूर्ण चपलेत एकही खिळा नाही. नुसत्या चामड्याच्या वाद्यांनी शिवून खर्च वाचवला आहे. 4) आधी चावते, मग सैल होते. 5) पाण्यात रंग सुटतो. 6) वाळवली असता तळावर आपोआप काळे पट्टे उमटतात. विज्ञानाचा विद्यार्थी या नात्याने सांगतो, हा निकृष्ट रासायनिक प्रक्रियेचा पुरावा आहे. 7) डाव्या चपलेची वेणी उजवीपेक्षा सैल आहे. कारागिराला काम येत नाही.'

सातवा मुद्दा खरं तर भरीचा होता. सहा मुद्द्यांवर यादी अर्धवट वाटत होती. वेणी म्हणजे पट्ट्यावर चामड्याच्या बारीक पट्ट्यांची गुंफण असते ती. मी दोन्ही चपला शेजारी ठेवून फरक शोधला, आणि शोधला की सापडतोच.

एक तारा दिला. शून्य तारे देण्याची सोय नव्हती, याचाही राग मजकुरात कुठेतरी घालायचा होता, पण राहून गेला. 'पोस्ट'वर बोट ठेवलं आणि दुकानाचे एकूण तारे पाहिले. आधी नऊ मतं होती, सरासरी 4.9. म्हणजे नवांपैकी आठ जणांचे पाच तारे आणि एकाचे चार, बेरीज 44. त्यात माझा एक धरून 45, आणि भागिले दहा. सरासरी आली 4.5. ज्या दुकानाला शेकडो मतं आहेत तिथं माझा एक तारा दशांशाच्या पलीकडे कुठेतरी विरून गेला असता. पण इथं दहाच मतं असल्यानं मी एकट्यानं अख्खी इमारत हलवली होती. वार्षिकाच्या संपादकांनी जी ताकद ओळखली नाही, ती ही. रात्री झोप छान लागली.

पुढे काही दिवस फोन मला कळवत राहिला की माझं मत इतक्या लोकांनी वाचलं, तितक्या लोकांनी वाचलं. माझ्या कवितेला आयुष्यात इतके वाचक मिळाले नव्हते.

थंडीत रूम-पार्टनरच्या मोठ्या भावाचं लग्न निघालं आणि बस्त्याच्या उरलेल्या खरेदीसाठी आम्ही जीप करून कोल्हापूरला गेलो. नवरदेवासाठी चप्पल घ्यायची होती. त्याचे मामा बरोबर होते. कोणत्याही दुकानात 'ह्यात दम नाही' असं म्हणून बाहेर पडण्यात त्यांची हयात गेलेली. जीपमध्ये मामांनी फोन काढला.

"दुकान मी बघून ठेवलंय," ते म्हणाले. "बाकी सगळ्या दुकानांबद्दल लोक लिहितात छान छान. छान छानवर माझा भरवसा नाही. पण ह्या दुकानाबद्दल एका शहाण्यानं काय लिहिलंय, ऐका." आणि त्यांनी माझं गद्य खड्या आवाजात वाचायला घेतलं. 'घोर फसवणूक'पासून 'कारागिराला काम येत नाही'पर्यंत. स्वल्पविरामाच्या जागी जीप खड्ड्यात जात होती.

"आता बघा," मामा म्हणाले. "करकर वाजतीय, वास येतोय, खिळा नाही. अरे, हीच तर खरी कोल्हापुरी! लिहिणारा कोण असेल देव जाणे, पण त्याला जे जे नको होतं ते ते सगळं आपल्याला पाहिजे." पार्टनर खिडकीकडे तोंड करून हसत होता. मी पन्हाळ्याची दिशा शोधत होतो. त्या रस्त्यावरून पन्हाळा दिसत नाही.

दुकानात या वेळी मुलगा नव्हता, मालक होते. साठीच्या आसपासचे, पांढरी टोपी, नाकाच्या टोकावर चष्मा. मी मफलर कानांवरून घेऊन हनुवटीपर्यंत आणला आणि भिंतीवरच्या बायकांच्या चपलांचा सखोल अभ्यास सुरू केला. मामांनी नवरदेवासाठी कापशी पसंत केली, उलटी केली, वास घेतला, कानाशी धरून वाकवली. चपलेच्या बाजूला जे दोन चामड्याचे पंखे खाली झुकलेले असतात त्यांना कान म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. कारण मामा मालकांना म्हणाले, "कान जरा मोठे पाहिजे होते." मला उगीचच वाटलं, माझ्याबद्दल बोलताहेत.

सगळं पार पडलं असतं, पण पैसे द्यायची वेळ आली. मामांच्या फोनला रेंज नव्हती. पार्टनरच्या खात्यात होतं ते सकाळच्या मिसळीत गेलं होतं. नवरदेव सासुरवाडीच्या फोनवर होता. शेवटी मामांनी माझ्या पाठीत थाप मारली, "तू भर रे, नंतर देतो." मी क्यूआर कोडवर फोन धरला. मफलर तोंडावर होता, पण पैसे जातात ते नावानिशी जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मालकांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा सरळ केला, पडद्यावरचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग फोन बाजूला ठेवून माझ्या मफलरकडे पाहत म्हणाले, "विज्ञानाचं विद्यार्थी ते तुमीच का?"

मी "कोण?" असं विचारल्याचं आठवतं.

"बसा की पाव्हणं. उभं ऱ्हाऊन काय बोलायचं?" त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि बाहेर बघून ओरडले, "च्या सांग रं पाच!" मी बसलो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. मामांनी माझ्याकडे, मग फोनकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या स्टुलावर अगदी आरामात बसले. नाटकाला पहिल्या रांगेतली जागा मिळावी असा त्यांचा चेहरा होता.

"आदी लई राग आल्ता," मालक म्हणाले. "पोरानं ते काढून टाकायसाठी तक्रार केली. वरनं उत्तर आलं, ह्यात नियमाबाहेरचं काय न्हाई. म्हणजे तुमी काय बी लिवा, आमाला पुसता येत न्हाई. तुमाला येतंय, आमाला न्हाई. मुंबैच्या एका बाईंनी ते वाचून वीस जोडांची ऑर्डर रद्द केली. खोटं न्हाई सांगत." मी चहाकडे पाहत होतो. चहा अजून आला नव्हता.

"मग दिवाळीत एक गडी आला साताऱ्याकडचा, पैलवान. म्हणला, ती करकर वाजनारी पायजे, तुमच्या दुकानाखाली लिवलंय. त्याच्या मागनं आणि एक. म्हणला, खिळा नसलेली द्या. मग पोराला म्हणलं, वाच बघू ते परत, सावकाश." त्यांनी मामांच्या हातातला फोन घेतला, मजकूर वर सरकवला आणि एकेक मुद्दा घेत निघाले.

करकर ही कच्चेपणाची खूण नव्हती. कातड्याचे थर एकावर एक शिवलेले असतात, ते पाऊल वाकलं की एकमेकांवर घासतात. शिवाय करकर मुद्दाम मागून घेणारी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी ती मुद्दाम आणलीही जाते. "पुडारी येतोय हे आवाजावरनं कळाय नको का?" मालक म्हणाले. आमच्या प्राचार्यांना ते कळलं होतं.

वास हा सालीचा होता. या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. मालकांनी हातानं आकार करून दाखवला: कातडं दुमडून, कडा शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची आणि आत सालीचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली गळतं, ते पुन्हा वर ओतायचं. असं करता करता साल कातड्यात मुरते. कारखान्यातलं कातडं क्रोमच्या क्षारांनी एका दिवसात कमावून होतं, त्याला हा वास नसतो. पायावर उतरणारा तपकिरी रंग हाही त्या सालीचाच.

खिळ्याचं तर विचारूच नका. मालकांनी नवरदेवाची कापशी हातात घेतली आणि तळावरून बोट फिरवलं. पिळलेल्या चामड्याची वादी एका भोकातून आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते, आणि टाचेपासून बोटांपर्यंत एकसारखी ओळ उमटते. "खिळा मारला आस्ता तर दोन रुपयात काम झालं आस्तं," ते म्हणाले. "ह्यात दीस जातोय. खर्च वाचवला म्हणता?"

"आणि हे काळं पट्टं," असं म्हणून ते थांबले. "कुटं वाळवली हुती?"

"जाळीवर."

"लोकंडाच्या?"

मी मान हलवली. त्यांनी खालच्या डब्यातून तळाच्या कातड्याचा एक तुकडा काढला, पाण्याच्या तांब्यात बुडवला, त्यावर एक गंजका खिळा आडवा ठेवला आणि वरून ओली चिंधी टाकली. दुसरा तुकडा काढला तो दुरुस्तीला आलेल्या, कारखान्यातल्या एका चपलेचा. त्याची कापलेली कड निळसर राखाडी होती. आतून ती तशी दिसली की क्रोमचं कातडं समजायचं, असं ते म्हणाले. त्यावरही तसाच खिळा, तशीच चिंधी. तेवढ्यात चहा आला. मामांनी चहा पिता पिता पावतीवर आणखी घासाघीस करून पाहिली.

कप खाली ठेवल्यावर मालकांनी चिंध्या उचलल्या. कारखान्याच्या तुकड्यावर गंजाचा नुसता तांबूस डाग होता. बाभळीच्या तुकड्यावर खिळ्याच्या लांबीची निळी-काळी रेघ. माझ्या खिडकीच्या गजांची धाकटी बहीण.

"हिरडा आणि लोकंड भेटलं की शाई हुत्या," मालक म्हणाले. "आमचं आजं त्या शाईनं खातं लिवायचं. हिरडा आणि हिराकस. तुमाला विज्ञानात शिकवत न्हाईत का?"

शिकवतात. फेरिक क्लोराइड. लोखंडाचा क्षार. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात आम्ही परीक्षानळीत त्याचे थेंब टाकून फिनॉल ओळखत होतो, आणि झाडांच्या सालींत जे टॅनिन असतं ते याच कुळातलं, त्यामुळे तेही लोखंडाबरोबर निळं-काळं होतं. माझ्या जर्नलमध्ये हा प्रयोग आहे. निरीक्षण: गडद रंग. अनुमान: फिनॉल गट उपस्थित. खाली सरांची सही. तो मी वरच्या वर्गातल्या मुलाच्या जर्नलवरून उतरवला होता, आणि त्यानं त्याच्या वरच्या वर्गातल्या मुलावरून. माझ्या खिडकीत पावसानं तोच प्रयोग फुकटात करून दिला आणि चपलेनं शुद्धतेचा दाखला स्वतःच्या तळावर लिहून दिला. मी तो वाचला आणि त्याखाली 'निकृष्ट' असा शेरा मारला, विज्ञानाचा विद्यार्थी या नात्यानं.

मामांनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि विचारलं, "फी किती भरतोस रे कॉलेजची?"

"पन एक बोलतो," मालक म्हणाले. "पावसात घालायची न्हाई, हे पोरानं तुमाला सांगाय पायजे हुतं. कातडं पानी पितंय. चुकून भिजली तर सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. उन्हात न्हाई, लोकंडावर तर न्हाईच. वाळली की तेल. आणि नवी चप्पल पट्ट्याच्या आतनं तेल लावून रोज घरात तासभर घालायची, मग चावत न्हाई. घट्टच घ्यायची, कातडं पायाचा आकार घेतंय. त्यानं मोठा नंबर दिला कसा?"

"मीच मागितला," मी म्हणालो. एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी पूर्ण बोललो.

आता सातवा मुद्दा उरला होता. मालकांनी तो मोठ्यानं वाचला आणि पडद्यामागे आवाज दिला. पडद्यामागून एक मावशी आल्या. बोटांना चामड्याच्या कातरणांचा भुसा, हातात अर्धी गुंफलेली वेणी. या धंद्यात वेणीचं काम बहुतेक बायकांच्या हातचं असतं, हे मला तिथं कळलं. म्हणजे 'कारागिराला काम येत नाही' हे वाक्य मी या बाईंना उद्देशून लिहिलं होतं. माझी चप्पल पायातच होती. बुरशी पुसून, तेल न लावता, हट्टानं वापरत असलेली. मावशींनी ती काढायला लावली, उजेडात धरली, डावीच्या वेणीत नख घातलं.

"सैल हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये खरं लिवलंय. दोन पेड सुटल्यात." मग माझ्याकडे न बघताच आत गेल्या, दाभण घेऊन आल्या आणि उंबऱ्यात बसून पेड आवळायला लागल्या. सात मुद्द्यांपैकी मी मनापासून लिहिलेले सगळे पडले होते आणि भरीला घातलेला तेवढा खरा ठरला. समीक्षेचा इतिहास मला माहीत नाही, पण बाकीच्यांचंही असंच काहीसं होत असावं.

मी फोन काढला. "काका, मी ते आत्ता काढून टाकतो. किंवा पाच तारे देतो, मजकूर बदलतो."

मालकांनी माझा हात धरला. "ताऱ्यांचं काय करायचं ते करा. मजकुराला हात लावायचा न्हाई. 2019 साली ह्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चार जिल्हं आपलं, चार कर्नाटकाचं. पन गिऱ्हाइकाला खरी कुठली आणि रेक्झिनची कुठली, हे कोन सांगतंय? तुमी सांगितलंय. करकर, वास, वादी, काळा डाग, सगळं एका जागी. आमाला असं लिवता येत न्हाई."

लेखक म्हणून मला मिळालेली ही एकमेव दाद. ती कशासाठी मिळाली याकडे दुर्लक्ष केलं तर फार सुखावणारी आहे.

"फक्त खाली आमचं उत्तर टाकायचं हाय," ते म्हणाले. "मालकाला उत्तर देता येतंय, पोरानं दावलंय. पन पोरगा हाय बाजारात आणि माझं बोट मोटं. तुमी टाइप करा, मी सांगतो."

असा मी माझ्याच खरडपट्टीला दुकानाच्या वतीनं उत्तर लिहायला बसलो, मालकांच्या फोनवर, त्यांच्या शब्दांत. 'आदरणीय ग्राहक' असं सुरू केलं. मालक म्हणाले, 'आदरणीय' काढा. काढलं. मी सवयीनं आकडे घालून मुद्देसूद उत्तर द्यायला लागलो, तर मामा म्हणाले, "आकडे नको, आकड्यांनीच घोटाळा केलाय." शेवटी झालं ते असं: 'आपण लिहिलेले सर्व बरोबर आहे. चप्पल वाजते, वास येतो, खिळा नाही. पावसात घालू नये, लोखंडावर वाळवू नये, हे आम्ही सांगायला पाहिजे होते. यापुढे सांगू. वेणी आवळून दिली आहे.' माझ्या नावाखाली माझ्याच हातानं टाइप केलेलं उत्तर उमटलं. माझ्या खिशातला फोन लगेच वाजला: तुमच्या मताला मालकांनी उत्तर दिले आहे.

मावशींनी चप्पल परत दिली. घट्ट, सरळ, तेलाचा हात फिरवलेली. मालकांनी मला योग्य नंबरचा नवा जोडही काढून दाखवला. पायात घातला, चांगला घट्ट बसला. घ्यायचं ठरवलं. एवढं सगळं झाल्यावर, एवढा चहा, एवढं लेखन झाल्यावर, काहीतरी कमी करतील असं मला आपलं वाटलं. मी चाचरत म्हणालो, "काका, थोडी सूट...?"

मालकांनी जोड पिशवीत भरला, पूर्ण किमतीची पावती फाडली आणि म्हणाले, "एक तारा देणाऱ्याला सूट दिली, तर उद्या अक्खं कोल्हापूर एकच तारा देईल की!"